ऐंशी संघांचं कॅलेंडर

‘कमिंग सून’. कॉलेजच्या सांस्कृतिक महोत्सवाच्या इन्स्टाग्राम खात्यावर हंगामातली पहिली पोस्ट बहुधा हीच असते. काळी पार्श्वभूमी, मध्ये चमकणारी अक्षरं आणि खाली शंभरेक लाइक. त्यातले बरेचसे आयोजन समितीतल्याच मुलामुलींचे असतात. काय येणार, कधी येणार, कुणी यायचं, फी किती, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्या पोस्टमध्ये नसतं. मग आठवडाभर शांतता असते, आणि त्यानंतर एका संध्याकाळी दहा स्पर्धांची दहा पोस्टर एकामागून एक पडतात. बघणाऱ्याला पहिलं दिसतं, उरलेली नऊ अंगठ्याखालून निघून जातात.

आयआयटी मुंबईचा ‘मूड इंडिगो’ १९७१ पासून आणि सेंट झेवियर्सचा ‘मल्हार’ १९७९ पासून चालू आहे. त्यांनी नुसती तारीख सांगितली तरी मुंबईभरातली कॉलेजं कामाला लागतात. जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजाला ही चैन परवडत नाही. त्याच्या महोत्सवाची माहिती शेजारच्या तालुक्यातल्या नाचणाऱ्या पोरांपर्यंत पोचवावी लागते, तीही त्यांच्याकडे तालमीला पुरेसे दिवस असताना. म्हणून या लेखासाठी एक मध्यम आकाराचं कॉलेज कल्पनेनं उभं करू. महोत्सव २१ ते २३ जानेवारी, गुरुवार ते शनिवार. स्पर्धा दहा: समूहनृत्य, एकांकिका, मूकाभिनय, पथनाट्य, वादविवाद, रांगोळी वगैरे. गेल्या वर्षी बाहेरून ५८ संघ आले होते, यंदा ८० हवे आहेत. सोशल मीडिया सांभाळायला सहा विद्यार्थी आहेत आणि डिझाइन येणारी मुलगी एकच. आकडे कल्पित आहेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं ज्यांनी असा महोत्सव केला आहे त्यांना ओळखीचं वाटेल.

समितीच्या पहिल्या बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, ‘यंदा दहा हजार फॉलोअर करायचे.’ हे उद्दिष्ट मला कधीच पटलेलं नाही. फॉलोअर वाढले म्हणून संघ वाढतात असं नाही. शिवाय आकडा अडला तर नेमकं काय दुरुस्त करायचं, हे त्यातून कळत नाही. मोजता येणाऱ्या उद्दिष्टात संख्या असावी, तारीख असावी आणि ती संख्या कुठे बघायची याची जागा ठरलेली असावी. आपल्या कॉलेजासाठी तीन पुरेत. पहिलं, १० जानेवारीपर्यंत फी भरलेले ८० संघ. दुसरं, प्रत्येक स्पर्धेत निदान पाच संघ. नाहीतर समूहनृत्यात तीस आणि मूकाभिनयात दोन असं होऊन ८० चा आकडा गाठूनही मूकाभिनय रद्द करावा लागतो. तिसरं, प्रायोजकांना कबूल केलेल्या पोस्ट ठरल्या तारखेला गेल्याचा पुरावा. हे तिसरं मुलांना रटाळ वाटतं. पण पुढच्या वर्षी त्याच दुकानदाराकडे जायचं असेल, तर ‘तुमचा लोगो सहा वेळा गेला, इतक्या लोकांपर्यंत पोचला’ असा एक कागद हातात लागतो.

आता ८० ला चार आठवड्यांनी भागून दर आठवड्याला वीस असं लिहिलं, तर पहिल्याच आठवड्यात सगळ्यांचं तोंड उतरेल. संघ असे समान हप्त्यांनी येत नाहीत. गेल्या वर्षीच्या नोंदणीच्या तारखा काढून बघितल्या, तर ५८ पैकी पहिल्या आठवड्यात सहा, दुसऱ्यात सात, तिसऱ्यात दहा आणि शेवटच्या आठवड्यात तब्बल ३५ आलेले असतात, त्यातही अखेरच्या दोन दिवसांत चोवीस. त्याच प्रमाणात यंदाचे ८० वाटले तर आठवड्यांची उद्दिष्टं ८, १०, १४ आणि ४८ अशी येतात. पहिल्या आठवड्यात आठ संघ आले तर गाडी रुळावर आहे. चार आले तर मात्र खरोखर काहीतरी बिघडलं आहे, आणि ते शोधायला अजून तीन आठवडे हाताशी आहेत. गेल्या वर्षीच्या गूगल फॉर्मची शीट कुणी उडवली नसेल तर हे गणित अर्ध्या तासाचं आहे.

यानंतर माध्यमांची निवड. सहा मुलांनी पाच माध्यमं चालवायची ठरवलं की तिसऱ्या आठवड्यात त्यातली तीन ओस पडतात, आणि अर्धवट सोडलेलं पान बघून बाहेरचा माणूस महोत्सवच बारगळला असं समजतो. आपल्या कॉलेजानं दोन माध्यमं मनापासून चालवावीत, तिसरं फक्त महोत्सवाच्या दिवसांसाठी ठेवावं.

पहिलं अर्थात इन्स्टाग्राम. टिकटॉकवर भारतात जून २०२० मध्ये बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इथे रील सुरू झाली, तेव्हापासून कॉलेजच्या पोरांचं नाचगाणं तिथेच मुक्कामाला आहे. आपलं खातं ज्यांना माहीत नाही त्यांच्यापर्यंत रील जाते, हा तिचा मोठा गुण. खातं ‘प्रोफेशनल’ करून घ्यावं लागतं, नाहीतर ‘इनसाइट्स’चे आकडे दिसत नाहीत. इथे एक खाच आहे. प्रोफेशनलमध्ये ‘बिझनेस’ आणि ‘क्रिएटर’ असे दोन प्रकार आहेत, आणि बिझनेस खात्याला बहुतेक लोकप्रिय गाणी रीलवर लावता येत नाहीत. समूहनृत्याची रील तयार करून बसायचं आणि गाणंच सापडू नये, हा मनस्ताप नको असेल तर प्रकार आधी तपासावा. मात्र रील प्रायोजकाची असेल, तर कोणत्याही खात्यावरून लोकप्रिय गाणं वापरू नये. व्यावसायिक वापरासाठी मोकळं असलेलं संगीत घ्यावं. इन्स्टाग्रामचा दोष असा, की पोस्टखालच्या मजकुरात लिहिलेली लिंक दाबता येत नाही. ती बायोमध्ये, स्टोरीवरच्या लिंक स्टिकरमध्ये किंवा थेट मेसेजमध्येच चालते.

म्हणून दुसरं माध्यम व्हॉट्सॲप. रील बघून हुरूप येतो, पण ‘जायचं का?’ हा निर्णय नृत्यसंघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होतो. तिथे लिंक दाबता येते, नियमावलीची पीडीएफ जाते, फी कुणी भरायची यावर भांडता येतं. वेगवेगळ्या कॉलेजांच्या सीएलसाठी, म्हणजे आपापल्या कॉलेजचा चमू घेऊन येणाऱ्या कंटिंजंट लीडरसाठी, साधा ग्रुप करण्याऐवजी ‘कम्युनिटी’ करावी. तिच्या सूचनांच्या ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहू शकतात, आणि सदस्यांचे फोन नंबर इतर सदस्यांना दिसत नाहीत. साध्या ग्रुपमधून नंबर उचलून रात्री अकराला अनोळखी ‘हाय’ येण्याचा त्रास मुलींना होतो, तो यात टळतो. जुन्या पद्धतीची ब्रॉडकास्ट यादी मात्र फसवी आहे. ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तिचा मेसेज पोचतच नाही, आणि पाठवणाऱ्याला वाटतं सगळ्यांना कळवलं.

तिसरं यूट्यूब, फक्त महोत्सवाच्या तीन दिवसांसाठी. त्याकडे नंतर येऊ. फेसबुकवर माजी विद्यार्थी आणि पालक असतात, त्यांच्यासाठी इन्स्टाग्रामवरचीच पोस्ट तिथे जोडून द्यावी, वेगळं काही करू नये. लिंक्डइन, एक्स, स्नॅपचॅट यांना यंदा सुट्टी.

कॅलेंडर भरायला शेवटाकडून सुरुवात करावी. आधी ज्या तारखा आपल्या हातात नाहीत त्या शीटवर टाकायच्या: सत्र परीक्षा १० डिसेंबरच्या आसपास संपतात, नाताळात हॉस्टेल रिकामी होतात, ३१ डिसेंबरला कुणी नियमावली वाचत नाही, १४ जानेवारीला संक्रांत. मग आपल्या तारखा. सीएलची बैठक १६ जानेवारीला, म्हणजे नोंदणी रविवारी १० तारखेला बंद. चार आठवडे मागे गेलं की नोंदणी १४ डिसेंबरच्या सोमवारी उघडते. नोंदणी उघडायच्या आत नियमावली पक्की हवी. नियमावलीवर प्रायोजकांचे लोगो हवेत. म्हणजे लोगो ७ डिसेंबरपर्यंत हातात पडायला हवेत. इतकं लिहिल्यावर समितीला पहिल्यांदा कळतं की उशीर आधीच झालेला आहे.

शीटमध्ये तारीख, माध्यम आणि विषय हे रकाने सगळेच करतात. खरं काम त्यापुढच्या रकान्यांत आहे: मजकूर कुणाकडून येणार, तो कधी हातात पडणार, डिझाइन कधी, कोणत्या प्राध्यापकांची मंजुरी, कोणती लिंक, आणि पोस्ट गेल्यावर मिळालेला आकडा. मूकाभिनयाचं पोस्टर २२ डिसेंबरला जायचं असेल, तर संघात किती जण, वेळ किती, फी किती हे त्या स्पर्धेच्या प्रमुखानं १७ ला द्यायला हवं. १९ ला डिझाइन, २० ला शुद्धलेखन, २१ ला सरांची मंजुरी. एका पोस्टरला पाच दिवस. एकट्या डिझायनरकडून आठवड्याला तीन पोस्टरांपेक्षा जास्त मागू नयेत, आणि म्हणूनच कॅलेंडरही आठवड्याला तीन पोस्टर, एक रील आणि रोजच्या साध्या स्टोऱ्या एवढंच असावं. आमच्याकडे रोज पोस्ट जाते असा अभिमान बाळगणाऱ्या समित्यांची पोस्टर जवळून बघा. तारखेत, नाहीतर प्राचार्यांच्या आडनावात चूक सापडते.

परीक्षा संपेपर्यंत एकच पोस्ट पुरे, तारखांची. पहिल्या आठवड्यात नियमावली, फी आणि बक्षिसांची रक्कम द्यावी. ही माहिती लोक जपून ठेवतात, म्हणून ती दहा वेगळ्या पोस्टरांऐवजी एकाच कॅरोसेलमध्ये, स्पर्धेमागे एक पान अशी असावी. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात गेल्या वर्षीच्या विजेत्या संघांच्या रील. त्या ‘कोलॅब’ करून दोन्ही खात्यांवर दिसतील अशा टाकाव्यात, म्हणजे त्या संघाच्या कॉलेजातले सगळे त्या बघतात. नव्या कॉलेजांत शिरायचा याहून स्वस्त रस्ता मला माहीत नाही. सेलिब्रिटी पाहुण्याचं नाव मात्र करारावर सही झाल्याशिवाय कॅलेंडरमध्ये पेन्सिलीनंसुद्धा लिहू नये. शीट कुणीतरी पाहतं, स्क्रीनशॉट निघतो, आणि पाहुणा आला नाही तर दोष समितीच्या माथी येतो.

आता आकडे वाचण्याकडे. आपल्या कॉलेजात दुसरा आठवडा संपला आहे. उद्दिष्ट अठराचं होतं, आले आहेत नऊ. समिती घाबरते आणि पोस्ट वाढवायच्या असं ठरवू लागते. त्याआधी तीन ठिकाणी बघायला हवं. आठवड्यातली रील ९,००० खात्यांपर्यंत पोचली आहे, आणि त्यातली बहुतेक फॉलोअर नसलेली आहेत. म्हणजे लोकांना दिसतंय. स्टोरी आणि बायोमधली लिंक मिळून २१० वेळा दाबली गेली. म्हणजे लोकांना रस आहे. फॉर्म मात्र फक्त पाच भरून आले. बिघाड लिंक आणि फॉर्म यांच्या मध्ये कुठेतरी आहे; आणखी दहा पोस्ट टाकल्या असत्या तरी लोक त्याच फॉर्मपाशी येऊन परतले असते.

फॉर्म उघडून बघितला तर कारण दिसतं. त्यात बारा जणांची पूर्ण नावं, प्रत्येकाच्या ओळखपत्राचा फोटो आणि प्राचार्यांच्या सहीचं पत्र मागितलं आहे. बसस्टॉपवर उभ्या असलेल्या मुलीकडे यातलं काहीच नसतं. शिवाय गूगल फॉर्ममध्ये फाइल जोडायचा प्रश्न घातला की भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिन करावंच लागतं. बरेच जण तिथूनच परत जातात. उपाय असा: पहिला फॉर्म पाच प्रश्नांचा ठेवायचा. कॉलेज, स्पर्धा, संघप्रमुखाचं नाव, फोन, आणि ‘महोत्सवाबद्दल पहिल्यांदा कुठे कळलं?’ ओळखपत्रं आणि पत्र सीएलच्या बैठकीला घ्यायचं.

बिघाड दुसऱ्या ठिकाणीही असू शकतो, आणि त्याची खूण वेगळी असते. रील हजारो लोकांनी पाहिली पण लिंक कुणी दाबली नाही, तर नाच आवडला आहे आणि नोंदणी चालू आहे हे कळलेलं नाही. रीलच्या पहिल्या तीन सेकंदांत तारीख आणि ‘नोंदणी सुरू’ लिहायला हवं. फॉर्म भरपूर आले आणि फी आली नाही, तर सोशल मीडियाचा प्रश्नच उरलेला नाही. कुणीतरी फोन उचलून त्या संघप्रमुखांना एकेक करून विचारायला हवं. बहुतेकदा त्यांच्या कॉलेजातून फी मंजूर व्हायची राहिलेली असते.

संघ कोणत्या माध्यमातून आले हे मोजायलाही एक साधी युक्ती आहे. गूगल फॉर्ममध्ये ‘प्री-फिल्ड लिंक’ काढता येते, म्हणजे एखादं उत्तर आधीच भरलेली लिंक. ‘स्रोत’ असा एक प्रश्न ठेवून त्याची तीन-चार उत्तरं भरलेल्या वेगवेगळ्या लिंक तयार करायच्या. इन्स्टाग्रामवर एक, व्हॉट्सॲपवर दुसरी, छापील पोस्टरावरच्या क्यूआर कोडमध्ये तिसरी. लिंकचा शेवट असा दिसतो:

```
viewform?usp=pp_url&entry.123456=insta
```

आकडा प्रत्येक फॉर्मचा वेगळा असतो, तो गूगलच देतो. समजा ८० पैकी ४१ व्हॉट्सॲपच्या लिंकवरून आले, २२ इन्स्टाग्रामवरून, १२ क्यूआर कोडवरून आणि पाच थेट फोन करून. लगेच इन्स्टाग्राम कुचकामी ठरवायची घाई करू नये. ही लिंक फक्त शेवटचं पाऊल सांगते. ‘पहिल्यांदा कुठे कळलं?’ या प्रश्नाची उत्तरं शेजारी ठेवली, तर व्हॉट्सॲपवरून आलेल्या ४१ पैकी कितीतरी जणांनी आधी रील पाहिल्याचं लिहिलेलं असतं. काहींनी ‘सरांनी सांगितलं’ असं लिहिलेलं असतं. सांस्कृतिक विभागप्रमुखांच्या नावानं गेलेलं छापील पत्र आजही काम करतं, विशेषतः एकांकिकेच्या बाबतीत, कारण तिथे तालमीची खोली सरांच्याच परवानगीनं मिळते.

दर शुक्रवारी वीस मिनिटं बसून हे आकडे बघायचे आणि पुढच्या आठवड्याचं कॅलेंडर बदलायचं. तिसऱ्या आठवड्यात समूहनृत्याचे १४ संघ झाले आणि मूकाभिनयाचा एकच, तर नृत्याच्या ठरलेल्या दोन पोस्ट सरळ काढून टाकायच्या. त्यांच्या जागी मूकाभिनयाचे नियम एका मिनिटात समजावणारी रील, आणि जिथे नाट्यमंडळ आहे अशा कॉलेजांच्या सीएलना वैयक्तिक मेसेज. आधी मेहनत करून केलेली पोस्ट काढायला जीव होत नाही, हे खरं.

पोस्ट आधीच वेळ लावून ठेवता येतात. सोय चांगली, पण त्या थांबवायच्या कशा हे निदान दोघांना माहीत हवं. एखाद्या विद्यार्थ्याचा अपघात झाला, कॉलेजात शोकसभा आहे, आणि खात्यावर आपोआप ‘आज धमाल!’ पडतं, हे घडू शकतं.

महोत्सवाच्या तीन दिवसांचं कॅलेंडर तासांत असतं. कॅमेरावाल्या फोटोग्राफरकडून त्याच दिवशी काही मिळेल ही आशा सोडून द्यावी. त्याचे फोटो चार दिवसांनी येतात आणि सुंदर असतात. त्या दिवसासाठी फोन उभा धरून शूट करणारी दोन मुलं वेगळी नेमावीत. मैदानात दोन हजार माणसं जमली की मोबाइलचं नेटवर्क बसतं, म्हणून अपलोड ऑफिसच्या वायफायवरूनच होईल असं ठरवून ठेवावं. निकाल आधी मंचावर, मग दहा मिनिटांत इन्स्टाग्रामवर. उलट झालं तर मंचासमोर बसलेल्यांचा विरस होतो.

यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करायचं असेल, तर चॅनेलवर ही सोय पहिल्यांदा चालू करताना २४ तासांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि मोबाइलवरून लाइव्ह जायला किमान ५० सबस्क्रायबर लागतात. ज्यांना हे २१ तारखेच्या सकाळी कळतं त्यांचं उद्घाटन यूट्यूबवर दिसत नाही. नाचाच्या स्पर्धेचं लाइव्ह करूच नये. फिल्मी गाण्यांवर हक्काचा दावा लागून प्रक्षेपण मध्येच तुटू शकतं. वादविवाद आणि बक्षीस समारंभ दाखवावा. पालकांना पाहायचा असतो तोही बक्षीस समारंभच.

महोत्सव संपल्यावर आठवड्याभरात दोन कामं उरतात: प्रायोजकांना त्यांच्या पोस्टचे आकडे देणं आणि शीट पुढच्या तुकडीकडे सोपवणं. दुसरं बहुतेक ठिकाणी राहून जातं. तृतीय वर्षाची मुलं पास होऊन जातात, आणि इन्स्टाग्रामचा ओटीपी पुण्याला नोकरीला लागलेल्या कुणाच्या तरी फोनवर जात राहतो. तुमच्या कॉलेजचा महोत्सव असेल, तर पहिली पोस्ट ठरवण्याआधी खात्याला कुणाचा फोन आणि कुणाचा ईमेल जोडलेला आहे ते बघा. तो विभागाचा करून घ्या, आणि गेल्या वर्षीची नोंदणीची शीट मागून घ्या.